बिनपॉलिशच्या डाळीचा फोटो

मी शिकवण्या बंद केल्या तेव्हा पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत दोन दिवस तोच विषय होता. शेजारच्या काकू तर माझ्याच घरात बसून म्हणाल्या, "मोबाईलवर फोटो काढून कुणाचं भागलंय का?" मी हसून त्यांना चहा दिला, साखर मात्र निम्मीच घातली. मी अशीच आहे. तोंडावर बोलत नाही, पण सोडतही नाही.

खरं सांगायचं तर सातवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवून मी कंटाळले होते. फोटो काढताना मात्र जेवायचं विसरायचे. आधी गल्लीतली बारशी, डोहाळजेवणं, मग साखरपुडे. लोक मोठ्या कॅमेऱ्यावाल्याला लग्नाला बोलवायचे आणि मला घरगुती कार्यक्रमाला. कारण मी फोन घेऊन बायकांच्यात बसले की कुणी अवघडून जायचं नाही. पुढे साड्यांच्या एका दुकानाचं काम मिळालं. उरलेल्या वेळात फोटो विकणाऱ्या वेबसाइटवर फोटो टाकायचे. तिथे सुरुवातीला सपाटून मार खाल्ला. भाजीवाल्याच्या मागे पंख्याच्या कंपनीचं नाव दिसलं, फोटो परत. माणसाचा चेहरा दिसतोय पण त्याची संमतीची सही नाही, फोटो परत. शिकवणीतल्या पोरांच्या वह्या मी जशा लाल करायचे, तसंच माझ्या फोटोंचं कुणीतरी करत होतं.

नवरा वरणगावच्या फॅक्टरीत. त्याने मला कधी अडवलं नाही, पण एकदा जेवताना म्हणाला, "जूनपर्यंत बघ. नाही बसलं तर शिकवण्या आहेतच." मी हो म्हटलं. मनातल्या मनात मात्र त्या "आहेतच"चा मला फार राग आला होता.

जूनला दीड महिना असताना डाळमिलचं काम आलं.

एमआयडीसीतली जुनी मिल. शेठजींचे आजोबा राजस्थानातून आलेले, आता हे तिसऱ्या पिढीचे शेठजी. आतापर्यंत पोत्यांनी डाळ विकायचे, आता बिनपॉलिशच्या तूरडाळीचं अर्ध्या किलोचं पाकीट काढायचं होतं. त्यांच्या सुनेने माझे साड्यांचे फोटो पाहिले होते. पाकिटावर समोर डाळीचा मोठा फोटो हवा होता. तो बसला तर पुढे मूग, उडीद, चणा, सगळी पाकिटं माझ्याकडे. एवढं काम हातात आलं की जूनचा प्रश्नच मिटत होता.

मी जीव ओतला. डाळ घरी आणली, ताटात घेतली आणि एक एक दाणा निवडला. साल चिकटलेला दाणा बाहेर, तुटलेला बाहेर, काळसर बाहेर. वरून ट्यूबलाइट, बाजूने खिडकी, फोन स्टँडवर. फोनने स्वतःच ओळखलं की समोर खाण्याची वस्तू आहे आणि रंग असे काही खुलवले की मीच बघत राहिले. डाळ सोन्यासारखी झळकत होती. मी खूश होऊन दुसऱ्याच दिवशी मिलमध्ये गेले.

ऑफिसात शेठजी आणि कोपऱ्यातल्या गादीवर त्यांच्या आई. त्यांना सगळे बाईजी म्हणतात. ऐंशीच्या पुढचं वय, चष्मा जाड, पण रोज सकाळी मिलमध्ये येऊन सुपात डाळ घेऊन बसणार. दाणे निवडायला आत बायका आहेत, मशीन आहे, तरी त्यांचं आपलं चालूच.

शेठजींनी फोटो नीट पाहिला. मोठा करून पाहिला. मग म्हणाले, "ताई, फोटो एक नंबर. पण ही माझी डाळ नाही."

मला वाटलं गंमत करतात. म्हटलं, "शेठजी, तुमच्याच पोत्यातली आहे."

"असेल. पण बाजारात इतकी पिवळीजर्द, चकचकीत डाळ पाहिली की माणूस एकच समजतो, पॉलिश मारलंय नाहीतर रंग. पाकिटावर लिहायचं बिनपॉलिशची आणि वर हा फोटो? व्यापारी हसतील मला." त्यांनी फोन बाईजींच्या पुढे धरला. बाईजींनी एकदा पाहिलं आणि नकाराची मान हलवली. सुपातून नजरही नीट वर काढली नाही.

शेठजी तसे सज्जन. म्हणाले, "आठ दिवस घ्या. नाही जमलं तर नाशिकचा स्टुडिओ येतो म्हणालाय. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटलंच. स्कूटरवरून घरी येताना मी रस्त्यातल्या प्रत्येक सिग्नलला त्या फोटोची बाजू मनातल्या मनात मांडत होते. निवडून निवडून डाळ घेतली, एवढा सुंदर उजेड, आणि म्हणे माझी डाळ नाही. घरी येऊन ताटातली डाळ फोटोशेजारी ठेवली तेव्हा मात्र फरक माझ्याच डोळ्यांना दिसला. खरी डाळ फिकी, जरा मळकट पिवळी, कुठे कुठे तांबूस साल लागलेली. फोटोतली डाळ दुसऱ्याच कुठल्या घरची होती.

तिसऱ्या दिवशी नरडाण्याजवळच्या आमच्या गावी चुलत नणंदेचा साखरपुडा होता. फोटो मीच काढणार होते. कार्यक्रम आटोपल्यावर सासरे, म्हणजे नाना, ओट्यावर बसले होते. शेतातल्या तुरीची घरी भरडलेली डाळ बघत होते. मी त्यांना माझा फोटो दाखवला. कुणीतरी छान म्हणावं एवढीच इच्छा होती.

नाना म्हणाले, "हाई डाळ हळदमा लोळेल शे का?"

ओट्यावरचे सगळे हसले. मीही हसले, पण आतून चरफडले. मग नानांनी मूठभर डाळ तळहातावर घेतली. मी लगेच फोन घेऊन उन्हात सरकले, तसे ते म्हणाले, "उनमा नको, माय. उनमा बठ्ठं सोनं दिखस. सावलीमा देख." उन्हात सगळंच सोनं दिसतं, हे सांगून ते स्वतः दारातल्या सावलीत जाऊन उभे राहिले. तिथे ऊन नव्हतं, पण उजेड भरपूर होता. तळहात थोडा तिरका करून ते एक एक दाणा बघत होते. सालीचा तांबूस तुकडा दिसत होता, दाण्याची खरखर दिसत होती. आयुष्यभर त्यांनी माल असाच पारखला होता आणि मी सून होऊन वीस वर्षं झाली तरी माझं लक्ष गेलं नव्हतं.

मी तिथेच त्यांचा फोटो काढला. चेहरा येत होता म्हणून संमतीचा कागद पुढे केला. नाना कागद उलटसुलट करून म्हणाले, "हाई कसाना कागद शे? वावर तं नही ना लिखी लेत?" शेत लिहून घेत नाही म्हटल्यावर सही केली, अगदी ठसठशीत.

घरी आल्यावर मी सगळं पुन्हा मांडलं. फोनने आपणहून रंग खुलवायचे हे आधी बंद केलं. फोनचा पडदाही भडक रंगांवर लावलेला होता, तो साध्यावर आणला. सकाळी नऊला मागच्या व्हरांड्यात सावली असते, तिथे पाट ठेवला. आमच्या व्हरांड्याची भिंत केशरी. डाळीवर तिचाच रंग पडत होता हे मला इतक्या दिवसांनी कळलं. नवरा रात्रपाळी करून नुकताच आला होता. त्याला म्हटलं, "ही पांढरी चादर भिंतीपुढे धरून उभा राहा." तो बिचारा चादर धरून उभा राहिला आणि जांभया देत राहिला. चादर हलली की मी ओरडायचे. ट्यूब बंद. डाळीशेजारी पांढरा कागद ठेवून खरा पांढरा कुठला ते फोनला ठरवून दिलं, मग कागद काढला आणि फोनमधला तो रंगाचा आकडा शेवटपर्यंत बदलला नाही.

आणि या वेळी डाळ निवडली नाही. पोत्यातून जशी आली तशी पाटावर ओतली. सालीचे तुकडे राहू दिले, एक अख्खा तांबूस दाणा अगदी मधोमध आला होता, तोही राहू दिला. हात शिवशिवत होते, पण आवरले.

फोटो शेठजींच्या डिझाइनवाल्याला पाठवला, तोही फाइल म्हणून. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि दाण्यांचा चुरा होतो. आणि त्याला बजावलं, छपाईचा नमुना कागदावर काढा, मग काय ते ठरवू.

आठव्या दिवशी मी मिलच्या ऑफिसात बसले होते. शेठजींनी नमुन्याचा कागद टेबलावर पसरला आणि शेजारी मूठभर डाळ ओतली. एकदा कागदाकडे, एकदा डाळीकडे पाहिलं. मग कागद उचलून त्यांनी आईंच्या मांडीवर नेऊन ठेवला.

बाईजींनी चष्मा वर सरकवला. वाकून पाहिलं. मग त्यांचा उजवा हात सवयीने पुढे आला आणि मधोमधच्या त्या तांबूस दाण्यावर नखाने टिचकी मारली. दाणा हलला नाही. त्यांनी पुन्हा नख लावलं, चिमटीत धरायला बघितलं. कागदावर नखाचा बारीक आवाज झाला. तेव्हा त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

शेठजी म्हणाले, "आई, निघत नाही ना?"

"नाही निघत," बाईजी म्हणाल्या. "ही आपलीच आहे."

मला रडू आलं. सरळ रडले, तिथेच, पोत्यांच्या वासात. शेठजींनी पाणी मागवलं आणि म्हणाले, "ताई, आता मुगाचं बघा. आणि मूगही निवडू नका."

नानांचा फोटो फोटो विकणाऱ्या त्या वेबसाइटने पहिल्याच झटक्यात घेतला, पाकिटाचा फोटो मात्र फक्त शेठजींचा, तो मी कुठेच टाकला नाही. जून आला तेव्हा शिकवणीसाठी दोन मुलांच्या आया विचारायला आल्या. नवराच दारात गेला आणि म्हणाला, "नाही घेत ती आता. तिचं फोटोचं काम आहे."

शेजारच्या काकूंना मी एक पाकीट नेऊन दिलं. त्यांनी ते उलटंपालटं पाहिलं आणि समोरच्या बाजूवर अंगठ्याने एक दाणा खरवडून बघितला. मग मला आत बोलावलं आणि चहा ठेवला. साखर बरोबर होती.