शांताबाईंची नखं आणि हितेंद्रभाईंचं रेशीम

डिलाईल रोडच्या चाळीत शांताबाई परबांइतकं स्वच्छ माणूस नव्हतं, आणि हीच त्यांची अडचण होती.

सकाळी त्या दहा जणांचे डबे करत, भांडी घासत आणि दुपारी हिंदमाताच्या एका दुकानातल्या साड्यांना फॉल लावत. कुणाच्या लग्नाच्या पैठणीला आपल्या हाताची हळद लागली तर काय, या धास्तीने प्रत्येक साडीआधी हात धुवायच्या. तेही साध्या साबणाने नाही, भांड्यांच्या वडीने. दिवसातून वीसेक वेळा. सर्जनसुद्धा एवढे धूत नसतील, पण सर्जनला पैठणी कोण देतो?

व्हायचं ते झालं. नखांची टोकं पापडाच्या पापुद्र्यांसारखी थराथराने सुटायला लागली. एका दुपारी अशाच एका पापुद्र्यात मोरपंखी पदराचा धागा अडकला आणि चांगला बोटभर ओढला गेला.

"शांताबेन, वीस वरस झाले, कधी कंप्लेंट नाय," दुकानाचे हितेंद्रभाई गल्ल्यावरून म्हणाले. "पण आता सिल्क नको. तुम्ही सिंथेटिक करा."

वीस वर्षं रेशीम हाताळणाऱ्या बाईला सिंथेटिक करा म्हणणं म्हणजे चांगल्या गवयाला लग्नाच्या बँडमध्ये झांजा वाजवायला बसवणं. शांताबाईंनी घरी येऊन पुन्हा हात धुतले.

मग उपाय सुरू झाले. चाळीत सल्ला फुकट आणि घरपोच मिळतो. शेजारच्या सीमाने कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. सून आकांक्षाने नखं कडक करणारं पॉलिश लावलं. ते साडीला लागेल म्हणून शांताबाईंनी रोज रिमूव्हरने पुसलं आणि आकांक्षाने रोज नव्याने लावलं. कुणीतरी लिंबू चोळायला सांगितलं. नखं फुटतच राहिली, फक्त आता लिंबाचा वास यायचा.

"अगो, डॉक्टराक दाखव," नवरा लवू म्हणाला. तीस वर्षांत त्याने दिलेला हा पहिला उपयोगी सल्ला. तोही टीव्हीवरची नजर न हलवता.

परळच्या दवाखान्यात डॉक्टर अनुजांनी सगळी हकिगत ऐकली, हात पाहिले आणि म्हणाल्या, "चप्पल काढा."

"डॉक्टर, दुखणं हाताला आहे हो."

"काढा तर."

पायाची नखं ठणठणीत होती. "कॅल्शियम कमी असतं तर पायांना कुणी सांगितलं नसतं का?" डॉक्टर हसल्या. "पाय दिवसभर वडीने घासत नाही तुम्ही. नख पाण्यात फुगतं, वाळलं की आकसतं. दिवसात वीस वेळा हेच. त्यात तो साबण नखातला ओलावा धरणारा तेलकटपणाच काढून घेतो. थर सुटणारच. आणि रिमूव्हरने तर उरलंसुरलंही पुसलं."

"पण हळद लागली तर साडीला?"

"भांडी घासताना रबरी हातमोजे घाला. आत सुती मोजे, नाहीतर घामाने पुन्हा ओलं. हात हळदीत गेलेच नाहीत तर वीस वेळा धुवायचे कशाला? धुवाल तेव्हा सौम्य साबण. पुसून लगेच क्रीम, झोपताना नखांवर व्हॅसलीन. नखं आखूड ठेवा आणि कानशीने एकाच दिशेने घासा, करवतीसारखी नको."

"किती दिवसांत बरी होतील?"

"फुटलेलं जोडलं जात नाही. नवं नख वाढून पुढे यायला पाच-सहा महिने. मोज्यांची सवय होईपर्यंत भांडी दुसऱ्या कुणी घासली तर उत्तम."

या शेवटच्या वाक्याचं शांताबाईंनी घरी जाऊन थोडं संपादन केलं. "नखं वाढेपर्यंत भांडी तुम्ही घासायची, डॉक्टरांनी सांगितलंय," त्या लवूला म्हणाल्या. लवूने टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांनी टीव्ही बंद केला.

पहिल्या महिन्यात काहीच दिसलं नाही. सीमा रोज चौकशीला यायची आणि "बघ, गोळ्या सोडल्यास ना?" म्हणून जायची. दोन महिन्यांनी नखाच्या मुळाशी गुळगुळीत पट्टा दिसला. तो हळूहळू पुढे सरकत राहिला. फुटकी टोकं शांताबाई कापत राहिल्या. दुपारी सिंथेटिकच्या साड्यांना निमूट फॉल लावत राहिल्या.

सहाव्या महिन्यात त्या हिंदमाताला गेल्या. पिशवीतून रेशमाचा एक तुकडा काढून त्यांनी गल्ल्यावर पसरला, आणि दहाही बोटांची टोकं त्यावरून उलटसुलट फिरवली. एकही धागा उठला नाही. हितेंद्रभाईंनी तुकडा उजेडात धरून पाहिला. गिऱ्हाईक ताटकळत होतं, तरी दोनदा पाहिला.

"ओ भाई, ती जांभळी पैठणी काढ," त्यांनी आत हाक मारली. "फॉल शांताबेन लावतील."

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा लवू मोरीत सुती मोज्यांवर रबरी मोजे चढवत होता. आता त्याचा त्यात हात बसला होता. कढईसुद्धा चकचकीत निघायची.

"काय म्हणाले शेठ? नखा वाढली मां सगळी?" त्याने आशेने विचारलं.

शांताबाईंनी पैठणी कपाटावर उंच ठेवली, बोटांना क्रीम चोळलं आणि नखं निरखत म्हणाल्या, "अजून वाढतायत."

यात खोटं काहीच नव्हतं.