पेवात ज्वारी नाही

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या काळात मी अमरावतीच्या इंग्रजी शाळेत दुय्यम मास्तर होतो. जिल्ह्याचे साहेब वादसभेला येणार म्हणून भाषणं इंग्रजीत करायची ठरली. विषय होता, साऱ्या शेतात कापूसच पेरावा काय.

विरुद्ध बाजूनं अकोटकडच्या एका कास्तकाराचा मुलगा बोलणार होता. त्याचं मराठी भाषण ऐकूनच अंगावर काटा आला. "पेवात ज्वारी नाही. गोठ्यात कडबा नाही. चुलीवर भाकर नाही." प्रत्येक वाक्य 'नाही'वर घणासारखं आपटायचं.

इंग्रजीत मात्र तो शब्द वाक्याच्या मध्येच दबून जाई. पुण्याहून आलेले हेडमास्तर म्हणाले, "एकच शब्द पुन्हा पुन्हा काय? दर वेळी निराळा घाला. इंग्रजीत ते शोभतं."

तसं करून पाहिलं. भाषण एखाद्या अर्जासारखं झालं. मुलगा म्हणाला, "मास्तर, याच्यात माहा आवाजच नाही."

मग सुचलं. मराठीत घाव शेवटी पडतो, इंग्रजीत तो आरंभी घालावा. 'नो ग्रेन इन द पिट. नो फॉडर इन द शेड. नो ब्रेड ऑन द हार्थ.' 'कापूसच'मधल्या 'च'ला तिकडे जोड नव्हती, म्हणून 'कॉटन, अँड ओन्ली कॉटन' असा तोच शब्द दोनदा घेतला. मुलानं ते म्हणून पाहिलं आणि हसला.

सभेत पहिल्या 'नो'ला साहेब कौतुकानं मान हलवत होते. तिसऱ्याला मान थांबली. मराठी ऐकणाऱ्याला हे वक्तृत्व आहे हे कळलं असतं. साहेबांना ती साक्ष वाटली. भाषण संपल्यावर टाळ्या पडायच्या आत त्यांनी विचारलं, "कोणत्या गावात ज्वारी नाही?"

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत त्यानं आपल्या गावाचं नाव सांगितलं. साहेबांनी ते कारकुनाला लिहून घ्यायला लावलं. मागे बसलेले कापसाचे व्यापारी एकमेकांशी कुजबुजू लागले.

काही दिवसांनी मुलाचा बाप शाळेच्या दारात उभा राहिला. आत या म्हटलं तरी आला नाही.

"काहून असं लिहून देल्लं मास्तर तुमी? सायबाचे शिपाई घरोघर पेवं उघडून राहिले."

"पण ते नुसतं भाषण होतं हो."

"आमच्या पेवात ज्वारी निंगाली. थोडी हाय, पण हाय. आता ते म्हनतेत, गावानं सायबाले खोटं सांगतलं; आनखी लपवली असंन. पटवाऱ्याले धरून नेलं."

हेडमास्तर खुलासा करायला साहेबांच्या बंगल्यावर जाऊन आले. तिथं त्यांना व्हरांड्यातच थांबवलं होतं. वादसभा बंद झाल्याचं शाळेच्या शिपायानं वर्गावर्गात सांगितलं.

बापानं मुलाला बैलगाडीत बसवलं. अकोटच्या वाटेला साहेबांचे दोन घोडेस्वार पुढे गेलेले दिसत होते, त्यांच्या धुळीतूनच ही गाडी निघाली.