अंगठा मुठीत

ती बाहेरच्या बाकावर बसली होती आणि तिचा उजवा हात शालीखाली काहीतरी करत होता. दार उघडं होतं म्हणून मला दिसलं. शाल एका जागी फुगायची, मग तो फुगवटा खाली झुकायचा, तिचे डोळे मिटायचे, आणि शाल पुन्हा सपाट व्हायची. मिनिटभराने पुन्हा तेच. शेजारी तिची मावशी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटलं, थंडी वाजत असेल. बावीस वर्षं मी या दवाखान्यात लोकांचे हात बघतेय, फिजिओथेरपिस्ट म्हणून पगार घेतेय, पण त्या सकाळी माझं डोकं कुठे चरायला गेलं होतं कोण जाणे.

तिला मी बाइंडरबाई म्हणायचे. एका छोट्या छापखान्यात ती पुस्तकं बांधायची. वडीलही तेच काम करायचे आणि ही दहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी बसून कागदाच्या घड्या अंगठ्याने दाबायची. लग्न झालं, नवराही त्याच छापखान्यातला मिळाला, आणि आठव्या महिन्यापर्यंत ही बाई उभी राहून फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या छापील पानांचे जुडगे, शिवत होती. पहिल्या भेटीत तिने मला अभिमानाने सांगितलं होतं की आजवर तिच्या हातून कागदाचा गठ्ठा एकदाही निसटला नव्हता. हे सांगताना ती हसली नव्हती, हे मला नंतर आठवलं.

ती पहिली भेट तीन आठवड्यांपूर्वीची. बाळ, म्हणजे ठमी, तेव्हा सात आठवड्यांची होती. उजव्या मनगटाला अंगठ्याच्या बाजूने कळ येते, बाळाला उचलताना तर हात कापून टाकावासा वाटतो, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवलं होतं. मी तिला अंगठा तळहातात घ्यायला लावला, त्यावर चार बोटं मिटायला लावली, आणि ती मूठ हळूच करंगळीच्या बाजूला झुकवली. ती खुर्चीतून अर्धी उठली. अंगठ्याच्या मुळापासून वर, मनगटाचं हाड जिथे उंचवट्यासारखं हाताला लागतं, नेमकी तिथे कळ.

मी तिला समजावून सांगितलं. अंगठा बाजूला नि वर उचलणाऱ्या दोन दोऱ्या मनगटाजवळ एका अरुंद खोळीतून जातात, नेफ्यातून नाडी जावी तशा. खोळ जाड झाली की दोऱ्या अडतात. बाळाच्या काखेत हात घालून, अंगठे ताणून, मनगट वाकवून दिवसातून पन्नास वेळा उचललं की हेच होतं. नव्या आयांमध्ये इतकं दिसतं की मी झोपेतही ओळखीन. मग गरम पाण्यात पांढरं प्लास्टिक मऊ करून तिच्या अंगठ्याला आणि मनगटाला धरून ठेवणारा पट्टा बनवला, त्याला वेल्क्रोच्या चिकटपट्ट्या लावल्या, आणि बाळाला कसं उचलायचं ते घाईघाईने सांगितलं. बाहेर आठजण खोळंबले होते.

उठताना तिने विचारलं, मी बरी झाले हे मला कसं कळेल. मी मान वरही केली नाही. म्हणाले, "आत्ता केलं ना, तसं अंगठा मुठीत घेऊन बघायचं. ज्या दिवशी काही होणार नाही, त्या दिवशी बरी झालीस."

हे वाक्य मी तोवर कितीजणींना सांगितलं असेल, देव जाणे. तोंडात बसलेलं होतं.

आता ती परत आली होती आणि हात पहिल्यापेक्षा वाईट होता. मनगटाच्या त्या उंचवट्यावर सूज दिसत होती. मी नेहमीप्रमाणे थोडी रागावलेच. पट्टा घालत नाहीस ना, घरी सगळी कामं करतेस ना, असं. तिने पट्टा काढून टेबलावर ठेवला.

मी तो उचलला आणि माझं बोलणं तिथेच थांबलं. तीन आठवडे वापरलेला बाळंतिणीचा पट्टा कसा असतो ते मला पाठ आहे. त्याला आंबट दुधाचा वास येतो, कडेला पावडर साचते, बाळाने ओकलेल्याचे डाग असतात. हा पट्टा आतून बाहेरून धुतल्या ताटासारखा होता. आणि चिकटपट्ट्या मात्र पार गेलेल्या. केस निघालेले, पकड नाही. वर्षभर उघडझाप केल्यावर होतात तशा. म्हणजे बाळ त्या पट्ट्याजवळ आलं नव्हतं, पण पट्टा दिवसातून शेकडो वेळा निघत होता.

तेव्हा मला शालीखालचा हात आठवला.

मी दार लोटून घेतलं. कोपऱ्यात सरावासाठी ठेवलेली पाच किलोची वाळूची पिशवी असते, टॉवेलमध्ये गुंडाळलेली. ती टेबलावर ठेवून म्हणाले, ठमीला उचलतेस तशी ही उचल. तिने पिशवीकडे बघितलं. हात पुढे आले, पिशवीपासून वीतभर अंतरावर थांबले, आणि उजवा हात आपसूक मिटला. आधी अंगठा आत, मग त्यावर बोटं. मूठ करंगळीकडे झुकली. तिचे डोळे मिटले.

"अजून दुखतंय," ती म्हणाली. "आज पण नाही."

मग बोलली. माझ्याकडे पहिल्यांदा येण्याच्या दोन दिवस आधी, सकाळी, बाळाला गादीवरून उचलताना कळ आली आणि हात सुटला. ठमी गादीवरच पडली, हातभर उंचीवरूनही नाही. लस द्यायला नेलं तेव्हा बाळाच्या डॉक्टरांना तिने सांगून टाकलं होतं, त्यांनी नीट तपासून काही झालेलं नाही म्हटलं होतं. पण घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

"रडली असती तर बरं झालं असतं हो ताई," ती म्हणाली. "रडलीच नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. आणि तो आवाज. थप असा. मावशी कपडे घड्या करून ठेवते ना, तेव्हा पण येतो. छापखान्यात गठ्ठा ठेवल्यावर यायचा तसाच आहे. आयुष्यभर ऐकलाय मी तो. आता घरात कुठेही येतो."

तेव्हापासून तिने मुलीला उचललंच नव्हतं. मावशी बाळाला आणून तिच्या कुशीत ठेवायची, तेव्हाही ही उजवा हात लांबच ठेवायची, आणि दूध पिऊन झालं की मावशी बाळाला घेऊन जायची. मावशीला वाटत होतं, हिला लेकराची ओढच नाही. शेजारणीपाशी तसं बोलल्याचं हिच्या कानावर आलं होतं, तरी ही गप्प. पाळण्याजवळून जाताना भिंतीला चिकटून जायची. आणि दिवसभर पट्टा काढून मूठ वळायची. दुखलं नाही तर उचलायचं, असं तिने ठरवलं होतं. माझ्या शब्दावर ठरवलं होतं. सकाळी उठल्याबरोबर एकदा, अंघोळीच्या आधी, बाळ रडलं की, बाळ रडायचं थांबलं की. ज्या चाचणीने दोऱ्या ताणल्या जातात तीच ती दिवसभर करत होती, आणि दोऱ्या रोज नव्याने सुजत होत्या. माझ्या एका वाक्याने त्या बाईचा हात आणि मूल दोन्ही अडवून ठेवलं होतं. मला माझीच लाज वाटली.

मी म्हणाले, "डाव्या हाताने करून बघ."

तिला कळेना. डावा कधीच दुखला नव्हता, त्यामुळे त्याची चाचणी घ्यावी असं तिला सुचलंच नव्हतं. तिने अंगठा आत घेतला, मूठ झुकवली, आणि दचकून माझ्याकडे बघितलं. थोडं ओढल्यासारखं झालं होतं तिथेही.

"सगळ्यांना होतं," मी म्हणाले. "माझ्या हाताला पण होतं. चांगल्या हातालाही ताण बसतो त्याने. तू वाट बघतेयस ना, काहीच होणार नाही त्या दिवसाची, तो दिवस येणारच नाही. मी चुकीचं सांगितलं तुला. ही चाचणी आजार ओळखायला आहे, लेकराला उचलायची परवानगी मागायला नाही."

तिने आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. मग रडली. मीही डोळे पुसले, आणि खिडकी उघडायच्या निमित्ताने उठले.

नंतर आम्ही कामाला लागलो. पट्टा पुन्हा बांधला, नव्या चिकटपट्ट्या लावून. तळहात आभाळाकडे, अंगठे बोटांना चिकटून, मनगट सरळ. एक हात ढुंगणाखाली, दुसरा मानेखाली. आधी स्वतः वाकायचं, बाळ छातीशी आणायचं, आणि मग कोपरांनी उचलायचं, म्हणजे वजन दंडावर येतं, अंगठ्याकडे काही काम उरत नाही. बारा वेळा वाळूची पिशवी उचलली तिने. तेराव्या वेळी मी मावशीला आत बोलावलं. सूज उतरली नाही तर डॉक्टर त्या खोळीत इंजेक्शन देतील, हेही सांगून ठेवलं. पण ते नंतरचं होतं.

मावशीने ठमीला टेबलावर ठेवलं आणि सवयीने तिथेच उभी राहिली. मी तिला बाजूला घेतलं. बाइंडरबाईचा उजवा हात हलला. पट्ट्यातही अंगठा आत जाऊ पाहत होता, मला दिसत होतं. ठमी तिच्याकडे टक लावून बघत होती.

तिने हात खाली सरकवले, वाकली, छातीशी आणलं, उचललं. चेहरा पांढराफटक. दुखत होतं, ते मला विचारायची गरज नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं, घ्या म्हणून. मावशीचे हात पुढे झालेच होते, मी ते धरून ठेवले, आणि माझे पाय जागचे हलू दिले नाहीत.

"दुखतंय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, जणू दुसऱ्या कुणाला सांगत होती, "पण सुटली नाही."

मावशीने तोंडाला पदर लावला. तिला काय समजलं, किती समजलं, मी विचारलं नाही.

बाळ घेऊन ती स्वतः बाहेर गेली. मी दारातून तिचे हात बघत राहिले, जिना उतरेपर्यंत. दोन्ही हात बाळाखाली, उघडे.

आत येऊन पुढची चिठ्ठी उचलायला गेले तर हात उघडेना. बघितलं, तर माझा अंगठा माझ्याच मुठीत होता. तेव्हापासून तो तसा कधीही जातो. चहा गाळताना, बसची वाट बघताना. मी मूठ झुकवते, आणि त्याआधीच्या बावीस वर्षांतल्या त्या सगळ्याजणी मोजू लागते, ज्यांना मी ते वाक्य सांगून घरी पाठवलं आणि ज्या परत आल्याच नाहीत.