त्या मेलमधलं एक वाक्य

पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी माझा पहिला पेपर एका परदेशी जर्नलकडून सुधारणेसाठी परत आला. पाणी तोडल्यावर ज्वारीच्या पानांत काय बदल होतात, हा माझा विषय. धारवाडला आमच्या विभागात नेट असलेला एकच कॉम्प्युटर होता, तोही सरांच्या खोलीत. सर म्हणजे माझे गाइड. एडिटरची मेल त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली. दोन परीक्षकांपैकी एक खूश होता. दुसऱ्याला दोन एन्झाइमांची मोजमापं आणखी हवी होती. मुदत साठ दिवसांची.

"पानं फ्रीजरमध्ये आहेतच की," सर म्हणाले. "महिन्यात होईल."

उणे ऐंशी अंशांचा तो फ्रीजर कॉरिडॉरच्या टोकाला होता. मागच्या हंगामातली सगळी पानं, पुड्यांवर तारखा घालून, मी त्यात ठेवली होती. आतलं तापमान चढलं, अगदी दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं तरी, त्याचा अलार्म किंचाळायचा. त्या शुक्रवारी दुपारी मी तासभर पुड्या लावत होते. अलार्म थांबेना, म्हणून मी बाजूचा खटका खाली केला. काम संपल्यावर दार लावलं, हात चोळत चहाला गेले. खटका वर करायचा राहिला.

शनिवारी दुपारी विभाग बंद झाल्यावर कधीतरी कॉम्प्रेसर गेला. अलार्म चालू असता तर कॉरिडॉरमधल्या वॉचमननं ऐकला असता आणि टेक्निशियनच्या घरी फोन केला असता. तशी पद्धतच होती. पण कोणी काही ऐकलं नाही. सोमवारी सकाळी मी पोचले तेव्हा फ्रीजरखाली पाणी साचलं होतं. दार उघडलं. पुड्या ओल्या, मऊ. पानांचा काळपट लगदा झालेला. कुबट वास. असल्या पानांत मोजण्यासारखं एन्झाइम उरत नाही.

मग मला खटका दिसला. कॉरिडॉरमध्ये कोणी नव्हतं. मी तो वर केला. फ्यूज उडालेला, अलार्मची बॅटरीही दोन दिवसांत उतरलेली, त्यामुळे आता तो वाजला नाही.

एवढंच केलं मी. विचार करून केलं असंही नाही. हात गेला. पण नंतर तो खाली करायला किंवा तोंड उघडायला भरपूर वेळ होता, तेव्हा मात्र मी विचार करूनच गप्प राहिले.

पाच मिनिटांनी टेक्निशियन आला. त्याला आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. चाळिशीचा, हंगामी नोकरीतला, दर वर्षी नेमणूक नव्यानं करून घेणारा. पाणी बघून त्यानं दार उघडलं. "अय्यो, ताई, तुमची पानं!" आधी पानं आठवली त्याला, मग स्वतःचं रजिस्टर. सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं त्याचं काम. शनिवार सकाळचा आकडा होता. संध्याकाळचा रकाना कोरा, कारण शनिवारी अर्धाच दिवस आणि ती कोरी जागा वर्षानुवर्षं कोणी पाहिलीच नव्हती.

"अलार्म का नाही वाजला?" तो खटक्याकडे बघत म्हणाला. "चालू तर आहे."

"बॅटरी गेली असेल," मी म्हणाले.

दुपारी सरांनी मला समोर बसवून मेल लिहायला सांगितली. ते सांगत होते, मी टाइप करत होते. वर पेपरचा क्रमांक आणि मूळ मुदत. परीक्षकांच्या बाकीच्या सर्व मुद्द्यांची उत्तरं तयार आहेत. फ्रीजर बिघडल्यामुळे साठवलेले नमुने नष्ट झाले, म्हणून ती दोन मोजमापं जुन्या पानांवर करता येणार नाहीत. आम्ही कुंड्यांत नवी झाडं लावत आहोत. पाच-सहा आठवड्यांनी पाणी तोडू आणि पानं काढली की त्याच दिवशी मोजमाप करू. तरी मुदत आणखी तीन महिने वाढवून मिळावी. इथवर सगळं खरं होतं.

"आता लिही," सर म्हणाले, "टेक्निकल कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे हा बिघाड वेळेत लक्षात आला नाही."

माझी बोटं थांबली. "सर, हे लिहायला हवं का?"

"नाहीतर एडिटरला वाटेल, आपणच बेफिकीर आहोत. लिही. आणि विभागप्रमुखांना कॉपी लाव, त्यांना कळलेलं बरं."

मी लिहिलं. सरांनी पाठव म्हटलं, मी बटण दाबलं.

तिसऱ्या दिवशी एडिटरचं उत्तर आलं. दोन ओळींचं. नुकसानीबद्दल वाईट वाटलं, नवी मुदत अमुक तारखेची. हलगर्जीपणाबद्दल अवाक्षर नाही. त्या वाक्याची त्याला गरजच नव्हती.

गरज विभागप्रमुखांना पडली. फ्रीजर प्रकल्पाच्या अनुदानातला, त्यामुळे वर खुलासा द्यावा लागणार होता. त्यांनी मेलचा प्रिंट काढून फाइलला लावला, शेजारी रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स. अण्णाला मेमो मिळाला. खुलासा लिहिण्यासाठी तो माझ्याकडेच आला, कारण त्याचं इंग्रजी कच्चं होतं. मी तो लिहून दिला. अलार्म वाजला नाही, हे त्यानं दोनदा घालायला लावलं.

मी कुंड्या भरल्या, बी पेरलं. महिन्याभरानं कळलं की अण्णाची नेमणूक पुढे चालू ठेवायची नाही असं ठरतंय. त्या दिवशी मी सरांना खरं सांगितलं. ते बराच वेळ पेनचं टोपण काढ-घाल करत राहिले.

"आधी पेपर जाऊ दे," ते म्हणाले. "आता हे उकरलंस तर मेलमध्ये आपण खोटं लिहिलं असं होईल. मग मी बघतो."

मी पेपर जाऊ दिला. मोजमापं चांगली आली. पेपर स्वीकारला गेला. मग मी विभागप्रमुखांना लेखी दिलं, खटका माझ्या हातून बंद राहिला होता म्हणून. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. "त्या जागेवर दुसरा माणूस येऊन दोन महिने झाले. आता याचं मी काय करू?" कागद त्यांनी ठेवून घेतला. फाइलला लावला का, ते मला माहीत नाही.

अण्णा धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागला होता, पाळीनं. सुभाष रोडवर तो मला दिसला, सायकल हातात धरून भाजी घेत होता. मी तिथेच, गर्दीत, सगळं सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्यानं भाजीची पिशवी हँडलला अडकवली, परत काढली.

"त्या सकाळीच का नाही बोललात?"

"घाबरले."

"हूं." मग म्हणाला, "घरी चला. माझ्या बायकोला सांगा."

तो सायकल ढकलत पुढे, मी मागे. घर दोन खोल्यांचं होतं. त्याची बायको तांदूळ निवडत बसली होती. मी चपला काढून दारातच उभ्या उभ्या सांगितलं. मराठीत अर्धं, कन्नडमध्ये अर्धं, खटका, मेल, ते वाक्य. तिला मेल म्हणजे काय ते नीट कळलं नाही. अण्णानं समजावलं, "पत्र. परदेशात गेलं. त्यात माझी चूक म्हणून लिहिलं होतं."

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलंच नाही. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "इतके दिवस मी तुम्हालाच बोल लावत होते."

तिनं पदर डोळ्यांना लावला. मी चपला शोधू लागले. जा म्हणून कोणी म्हणालं नाही, बसा म्हणूनही नाही.