रोमनमधल्या गोगलगाई

नांदेडच्या आमच्या बातम्यांच्या संकेतस्थळावर दर सोमवारी एक तक्ता उघडला जातो. लोक काय टाइप करून आमच्याकडे आले, ते त्यात दिसतं. संपादक क्लिकप्रमाणे उतरता क्रम लावतात आणि वरच्या पाच-सहा ओळी वाचून निवाडा देतात. त्या सगळ्या रोमनमध्ये असत: soyabean bhav, nanded latur bus, असलं काहीतरी.

"बघा, मराठीत कोण शोधतंय?" ते म्हणाले. "शीर्षकं, पानांचे पत्ते, कीवर्ड सगळं रोमनमध्येच राहू द्या."

"सर, शीर्षकं रोमनमध्ये, म्हणून येणारेही रोमनवालेच," मी म्हणालो. "देवनागरीत शोधणाऱ्याला आपण वर दिसतच नाही, तो क्लिक करणार कुठून?" त्यांना हे पटेना. मला राग आला, पण पगार त्यांच्या हातात, तेव्हा रोमन शीर्षकंच देत राहिलो.

सोयाबीन उगवून आलं आणि गोगलगाई सुटल्या. मी मन लावून लिहिलं: संध्याकाळी ओली गोणपाटं पसरा, सकाळी खालच्या गोगलगाई वेचून साबणाच्या पाण्यात टाका, शेतात मीठ मात्र टाकू नका. आत मजकूर मराठी, वर शीर्षक Soyabean Gogalgai Upay.

माझी अक्का अहमदपूरजवळच्या गावात असते. पोरं पुण्याला, दाजी गुडघ्यानं अडलेले. शेत तीच बघते. टाइप करण्याची तिला कटकट, म्हणून ती फोनशी बोलते. फोन तिचं बोलणं देवनागरीत लिहितो. तिनं गोगलगाईंवरचा उपायही असाच विचारला, वर आलेला पहिला व्हिडिओ बघितला आणि त्यात सांगितल्यासारखं ओळींच्या कडेनं मीठ टाकलं.

चार दिवसांनी तिचा फोन आला. "गोगलगाई थोड्या मेल्या, पण रोपं लई करपली रे. दुबार पेरायचं म्हनायलेत हे." मी तिला माझ्या लेखाचं सांगितलं.

"मग मला का न्हाई दिसलं? म्या तर हेच इचारलं हुतं."

त्याच दुपारी, संपादकांना न विचारता, मी शीर्षक देवनागरीत केलं. पत्ता रोमनच राहू दिला आणि पहिल्या परिच्छेदात रोमन नावही घातलं. दोघांनाही सापडावं, एवढंच. संपादकांना कळलं तेव्हा ते चिडले. मीही चिडलो. पुढच्या तक्त्यात पहिल्यांदाच देवनागरीतल्या ओळी वर आल्या. त्यांनी त्या वाचल्या आणि विषय बदलला.

दुबार पेरणी झाल्यावर मी अक्काकडे गेलो. कौतुकानं म्हणालो, आता विचारून बघ. ती फोनशी बोलली, आणि माझं पान वर आलं. बांधावर बसून ती एकेक शब्द लावत मोठ्यानं वाचू लागली. "शेतात मीठ टाकू नका" इथं आली आणि थांबली.

"चांगलं लिवलंस," ती म्हणाली, आणि फोन पदरानं पुसून माझ्या हातात दिला.