चौदा स्क्रीन आणि एक उपडा डबा

रत्नमाला नऊ-दहा वर्षांची असताना पैठणला एका लग्नात मांडवामागं भांड्यांच्या आडोशाला बसून बुंदी खात होती, तेव्हा तिनं एक भांडण ऐकलं. तिचे वडील आचारी. नवरीकडचे आप्पासाहेब त्यांच्या अंगावर ओरडत होते, कारण निम्मी पंगत पानावर बसली होती अन् भात संपला होता.

"शंभरएक पानं म्हणालो होतो मी!"

"शंभरावर एक म्हणालात मालक, साठ नाय म्हणालात!"

"अहो, अंदाज म्हणून काय असतो का नाय?"

"तुमचा अंदाज माझ्या पातेल्याला कसा कळावा?"

भांडण लई लांबलं. वडील तसेच हात पुसत घरी आले आणि त्या दिवसापासून त्यांनी अंदाजाची ऑर्डर घेतली नाही. पानं किती, पदार्थ कोणते, पैसे किती, वेळ कोणती, एवढं ऐकल्याशिवाय ते चुलीला काडी लावत नसत. आप्पासाहेब पुढं कुठं भेटले तर एकमेकांना रामराम घालत, पण भाताचा विषय निघत नसे.

रत्नमालानं वडिलांकडून आमटीचा हात घेतला आणि ही चार गोष्टींची सवय घेतली. आज तिला पन्नाशी लागलीय. सिडकोत दोन खोल्यांच्या घरातून ती बासष्ट डबे देते. त्यातले तीस मुलींच्या हॉस्टेलचे, बाकीचे एकटे राहणाऱ्या नोकरदारांचे अन् म्हाताऱ्यांचे. पोळ्यांना भामाबाई आहे. भामाबाईचे हात आणि तोंड एकाच वेगानं चालतात, म्हणून कामाचा खोळंबा होत नाही.

डब्यांची एक रीत रत्नमालानं पहिल्या दिवसापासून घातलेली. रिकामा डबा धुऊन दाराबाहेर ठेवायचा. सुलटा ठेवला तर उद्या डबा हवा. उपडा ठेवला तर उद्या नको. फोन नको, चिठ्ठी नको. लांबूनच दिसतं. म्हाताऱ्यांनी ही रीत एका दिवसात उचलली. हॉस्टेलच्या पोरींना मात्र ती दोन वर्षांत जमली नाही. त्यांचे डबे एका टेबलावर गोळा व्हायचे, कोणी कोणाचाही कसाही ठेवायची, आणि सकाळी फोडणी पडल्यावर फोन वाजायचा, "काकू, आज नको हं, आम्ही बाहेर खातोय."

"खा बाई," रत्नमाला म्हणायची, आणि दहा-दहा डब्यांचं अन्न उरायचं.

मार्चमध्ये हॉस्टेलच्या मॅडमनी सांगितलं, "ताई, तुमच्या हाताला नाव ठेवत नाही. पण मुली ॲपवाला डबा मागताहेत. जूनमध्ये नवी बॅच येते. तोवर तुमचं काही झालं तर बघा, नाहीतर मला दुसरीकडं द्यावं लागेल."

तीस डबे गेले असते तर भामाबाईला ठेवणं जमलं नसतं. रत्नमालानं हे भामाबाईला सांगितलं नाही. भामाबाईनं ते पोळी लाटता लाटता ओळखलं आणि एरवीपेक्षा जास्त बोलू लागली.

रत्नमालाच्या बहिणीचा मुलगा प्रणय चिकलठाण्याला एका कंपनीत प्रोग्रॅम लिहितो. तो म्हणाला, "मावशी, ॲप मी बांधून देतो. माझे पैसेही नको, रविवारी जेवायला घाल. पण फोनवर ते दिसायचं कसं, हे माझ्याच्यानं होत नाही. मी केलं तर ते वीजबिलासारखं दिसेल. त्याला डिझायनर लागतो. तो एकेक पान काढून देतो, त्याला स्क्रीन म्हणतात. त्यावरून मी बांधतो."

"मग विचार की कुणाला."

प्रणयनं पाच डिझायनरांना मेल केली. ओळख कोणाचीच नाही. मेल इंग्रजीत होती आणि तिच्यात ‘एका रोमांचक प्रवासात सहभागी व्हाल का’ अशा अर्थाचं बरंच काही होतं. दोघांनी उत्तर दिलं नाही. एकानं ‘कॉलवर बोलू’ म्हटलं आणि कॉल उचलला नाही. एकानं दीड लाखापासून सुरू होणारं दरपत्रक पाठवलं. पाचव्यानं विचारलं, बजेट काय, स्क्रीन किती? प्रणयनं लिहिलं, तुम्हीच सांगा. तो गप्प झाला.

रत्नमालानं मेल मराठीत वाचून दाखवायला सांगितली. ऐकून झाल्यावर म्हणाली, "प्रणू, ही लग्नाची पत्रिका आहे. तारीख नाय, ठिकाण नाय, नुसतं अगत्य येण्याचे करावे."

"बजेट आधी सांगायचं नसतं मावशी. सांगितलं की तेवढेच मागतात."

"मग? माझ्याकडं तेवढेच आहेत. त्यांनी जास्त मागून मी कुठून देऊ?"

भामाबाई पिठाच्या हातानं म्हणाली, "पोरा, बाजारात कापड घ्यायला गेलं की दुकानदार पहिलं काय विचारतो? कितीतलं दाखवू. त्याला सांगितलं नाय तर तो सगळं दुकान खाली उतरवतो अन् मग आपल्यालाच शरम वाटती."

मग रत्नमालानं फोनवर डिझायनरांची कामं स्वतः बघितली. बरीचशी तिला फिक्या रंगावर फिक्या अक्षरांची दिसली. एकीचं मात्र डोळ्यांच्या दवाखान्याचं काम होतं. ते तिला चष्म्याशिवाय वाचता आलं. नाव मृण्मयी, राहणार गारखेडा. "हिलाच," ती म्हणाली. दुपारी डबे गेल्यावर तिनं सांगितली आणि प्रणयनं लिहिली ती मेल अशी:

"नमस्कार. मी रत्नमाला, सिडको, डबे देते. तुम्ही मला ओळखत नाही. दवाखान्याचं तुमचं काम पाहून लिहिते.

डब्याच्या ॲपसाठी चौदा स्क्रीन हव्या आहेत. यादी खाली आहे. ॲप अँड्रॉइड फोनवर चालेल. बांधणारा माझा भाचा आहे, ते काम तुमच्याकडं नाही. मला तुमच्याकडून फिग्माची फाईल, आयकॉन आणि बोटानं दाबून बघता येईल असा नमुना हवा. अक्षर मराठी आणि मोठं.

माझं बजेट पस्तीस हजार. त्याच्यावर नाही. काम एप्रिलच्या अखेरीला हवं. यात काय बसेल, काय बसणार नाही, दुरुस्त्या किती वेळा, आणि आगाऊ किती, हे कळवावं. जमत नसेल तर तसंही कळवावं, राग नाही."

फिग्मा म्हणजे डिझायनर ज्यात पानं काढतात ते, हे प्रणयनं सांगितलं म्हणून घातलं. बाकी सगळं तिचं. यादीत बाराव्या नंबरला तिनं ‘उपडा डबा’ सांगितलं. प्रणयनं हात थांबवला.

"मावशी, याला स्किप मील म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात."

"माझ्याकडं उपडा डबा म्हणतात. लिही."

"ती हसेल."

"हसू दे. हसली म्हणजे वाचली."

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. प्रणयनं ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वाचलं. भामाबाईनं लाटणं थांबवलं. असं फार क्वचित होतं.

मृण्मयीनं लिहिलं होतं, "रत्नमालाताई, इतकी सरळ मेल मला कधी आली नव्हती. नाहीतर बजेट काढून घ्यायलाच आठवडा जातो. तुमच्या यादीतल्या चौदा स्क्रीनचे माझे बावन्न हजार होतात. पस्तीस हजारांत नऊ बसतील, तीन आठवड्यांत, दोनदा दुरुस्ती धरून. तिसऱ्या दुरुस्तीचे वेगळे. चाळीस टक्के आगाऊ. नऊ कोणत्या ते तुम्ही निवडा. एक विचारायचं आहे. बारा नंबरचं ‘उपडा डबा’ म्हणजे काय ते मला कळलं नाही. तिथं काय काढायचं ते सांगाल का?"

"बघ," प्रणय म्हणाला, "आणि चौदाच्या नऊ झाल्या. आता हॉस्टेल हातातून जाणार."

रत्नमालानं यादी मागून घेतली. एकशेसाठ पानांचा स्वयंपाक शंभरांत करता येत नाही, हे तिला दहाव्या वर्षीच कळलं होतं. पण बेतातला एखादा पदार्थ काढला म्हणून पंगत उपाशी उठत नाही, हेही ती जाणून होती. ॲप उघडताना नुसतं नाव झळकतं ते पान तिनं काढलं. स्वतःचा फोटो लावायचं काढलं. डब्याला चांदण्या देऊन मार्क द्यायचं काढलं. "चव कशी झाली ते मला तोंडावर सांगतात पोरी. फोन कशाला?" ‘आमच्याविषयी’ काढताना ती जरा थांबली, कारण त्यात वडिलांचं नाव येणार होतं. मग तेही काढलं. पाचवं काय काढावं ते सुचेना.

"उपडा डबा काढ," प्रणय म्हणाला.

"ते काढलं तर बाकीचं कशाला करायचं? तिला म्हणावं, संध्याकाळी ये. सांगण्यापेक्षा दाखवते."

मृण्मयी स्कूटीवर आली. सव्वीस-सत्तावीसची असेल. रत्नमालानं तिला रिकामे डबे गोळा करायला बरोबर घेतलं. एका गल्लीत तीन दारं, तीन डबे. दोन सुलटे, एक उपडा. रत्नमाला डबे पिशवीत टाकत गेली आणि वहीत एक फुली मारली.

मृण्मयी तिथंच उभी राहिली. "थांबा, थांबा. म्हणजे हा उपडा आहे म्हणून उद्या इथं डबा नाही?"

"व्हय."

"आणि याला सांगावं लागत नाही?"

"डबाच सांगतो की."

पोरीनं पायरीवर बसून स्वतःच्या वहीत एक डबा काढला. म्हणाली, "ताई, ॲप उघडलं की हाच दिसेल. दुसरं काही नाही. बोट लावलं की उपडा होईल. पुन्हा लावलं की सुलटा. संध्याकाळी सहा वाजले की झाकण बंद, मग हलणार नाही. तुमच्या यादीतलं कॅलेंडर, फॉर्म, ‘खात्री आहे का’ विचारणारं पान, काही लागत नाही."

"मग नऊ कुठं राहिल्या?"

मृण्मयीनं मोजलं. "सात. राहिलेल्या दोनांत नेट नसलं की काय दिसेल ते करू, आणि तुमचं पान करू, उद्या किती डबे ते एका आकड्यात. नऊ होतात. पैसे तेच."

"पैसे तेच," रत्नमाला म्हणाली. "मी भाव करणार नाही. पण चहा घेऊन जा."

भामाबाईनं चहाबरोबर गरम पोळी-गूळ वाढला आणि पोरीचं गाव, आडनाव, लग्नाचं, सगळं विचारून घेतलं. या दोन कपांच्या चहाला अर्धा तास लागला.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नमुना आला. रत्नमाला तो प्रणयच्या फोनवर घेऊन हॉस्टेलला गेली. मॅडमनी डबा उपडा केला. सुलटा केला. पुन्हा उपडा केला. मग शेजारच्या मुलीला दिला, तिनंही तीनदा केला.

"जूनपर्यंत चालू होईल ना खरंच?"

"भाचा बांधतोय. तो रविवारी माझ्याकडं जेवतो, पळून कुठं जाईल?"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "तिसाचे पस्तीस धरा. नवी बॅच मोठी आहे."

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा भामाबाई म्हणाली, "मग पोळपाट दुसरा घ्या, हा डगमगतो." आणि कणीक मळायला बसली. त्या संध्याकाळी ती जवळजवळ गप्प होती.

गोळा करायचा शेवटचा डबा व्यंकटरावांचा. रिटायर क्लार्क, तिसरा मजला, लिफ्ट नाही, फोन बटणांचा. त्यांच्याकडं ॲप जाणार नव्हतं आणि त्यांना ते सांगायचीही गरज नव्हती. रत्नमाला कठड्याला हात लावत जिना चढली. दाराबाहेर धुतलेला डबा होता. सुलटा. तिनं तो उचलून पिशवीत घातला, डबा नेला हे कळावं म्हणून कडी दोनदा वाजवली आणि जिना उतरायला लागली.