नाक्यावरचा दुसरा माणूस

माझा बाप दुसऱ्याची गाडी हाकायचा. गाडी ठेकेदाराची, रेडेही ठेकेदाराचे, आमचा फक्त बाप. जंगलातून बांबू आणि फाटा, म्हणजे जळाऊ लाकूड, भरायचा आणि चांद्याला खात्याच्या लाकूड-आगारात नेऊन टाकायचा. खेपेमागे पैसे. खेप झाली तर घरात भात, नाही झाली तर पेज, आणि पेजेतसुद्धा आई पाणी कधी वाढवायची ते आम्हा भावंडांना बरोबर कळायचं. उन्हाळ्यात ती मोहफुलं वेचून वाळवायची आणि तीच पुढे पावसाळाभर पुरवायची. मी ब्रह्मपुरीला शाळेत होतो तेव्हा माझ्याकडे एकच सदरा होता. रविवारी तो वाळेपर्यंत मी घराबाहेर पडत नसे. पुढे फी माफ झाली म्हणून नागपूरला कॉलेजात गेलो, एका छापखान्यात कागद मोजायचं काम करून राहिलो आणि बी.ए. झालो. आमच्या घरात आधी कोणी चौथीही पाहिली नव्हती. हे मी लपवत नाही आणि मिरवल्याशिवायही राहत नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरची सुरुवातीची वर्षं होती. जंगल खात्याच्या जिल्हा कचेरीत मला कारकुनी मिळाली. लागून सहा महिने झाले असतील, एक दिवस साहेबांनी बोलावलं. टेबलावर एक जाड फाईल होती.

"जंगल नाक्यावर एक मुन्शी वाढवून हवाय. दोनदा प्रस्ताव पाठवला, दोनदा परत आला. आता तुम्ही लिहा."

परत आलेल्या कागदावर नागपूरच्या बड्या साहेबांचा शेरा होता, कामाचा भार सिद्ध होत नाही. खाली हिशेब मांडला होता. नाक्याच्या रजिस्टरात दिवसाला सरासरी एकवीस नोंदी. एका नोंदीला बारा मिनिटं धरली तरी काम सव्वाचार तासांच्या आतलं. म्हणजे आहे तोच माणूस अर्धा दिवस रिकामा बसतो. त्याला मदतनीस कशाला?

बाहेर आलो तर आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, पानाचा डबा उघडून वाटच पाहत होते.

"काऊन, बी.ए.? आलं का अंगावर?"

"भाऊ, आकडे तर त्यांचेच बरोबर दिसून राह्यले."

"मंग जा ना नाक्यावर! कॉलेजात शिकवलं नाई का, आकडा कुठून येते ते?"

मी सायकल काढली.

नाका म्हणजे रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला कुडाची खोली आणि खोलीत मुन्शीजी. चांद्याच्या मुसलमान मोहल्ल्यातले, पन्नाशी ओलांडलेले, पांढरी दाढी नीट विंचरलेली. जंगलातून येणारी प्रत्येक गाडी त्यांच्यापुढे थांबायची. वाहतुकीच्या पासावर जितके नग लिहिलेत तितकेच गाडीत आहेत का ते मोजायचं, लाकडावर खात्याच्या हातोड्याचा ठसा आहे का पाहायचं, पासावर शिक्का मारायचा आणि रजिस्टरात नोंद करायची. हे सगळं ते तीन हंगाम एकटे करत होते. ठसा पाहताना ते लाकडाला इतके चिकटायचे की दाढीला भुसा लागायचा.

"मोतीबिंदू आहे बाबू," ते म्हणाले. "डाक्टर म्हणते, या साली काढा, नाई तर उजवा डोळा गेला समजा. रजा मांगली तर साहेब म्हणते बदली माणूस कुठी आहे. माणूस तर तुमच्या कागदातून येईन."

मी सायकल कुडाला टेकवली आणि वही काढली.

मी दिवसभर नाक्यावर बसलो आणि जाणाऱ्या गाड्यांच्या रेघा वहीत ओढल्या. सूर्य मावळेपर्यंत त्रेसष्ट गाड्या झाल्या. रजिस्टर उघडलं तर त्या दिवसाच्या नोंदी बावीस. पुन्हा मोजल्या. बावीसच.

"मुन्शीजी, बाकीच्या गाड्या कुठी गेल्या?"

ते हसले. "आहेत ना सगळ्या. हे पाहा. एका ठेकेदाराच्या पाच गाड्या संग आल्या, तर मी पाचांचं मिळून एकच लिवतो. नगांची बेरीज टाकतो. गाडीवाले किती वेळ खोळंबतीन?"

नियम असा होता की प्रत्येक गाडीची वेगळी नोंद हवी. मुन्शीजींनी लोकांचा वेळ वाचवला आणि स्वतःचंच काम रजिस्टरातून पुसून टाकलं. बड्या साहेबांना तो माणूस रिकामा दिसत होता, कारण तो फार चपळाईनं काम करत होता. आता मी त्रेसष्ट लिहिले तर मुन्शीजींनी तीन वर्षं नियम मोडला हे उघडं पडणार. आणि एकवीसच लिहिले तर डोळा जाणार.

मी हे त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मले माणूस द्यासाठी तू माझीच नोकरी घेशीन?" आतापर्यंत अहो-जाहो होतं, ते एका वाक्यात गेलं.

मी घाबरत घाबरत साहेबांपुढे सगळं ठेवलं. साहेबांनी पेन्सिलीनं त्रेसष्टच्या आकड्याभोवती गोल काढला. मग म्हणाले, "पाच दिवस तंतोतंत नियमानं चालवा. गाडीला एक नोंद. काय होतं ते लिहून आणा."

ते पाच दिवस मी विसरलो नाही. मागून आणलेलं घड्याळ पुढे ठेवून मी प्रत्येक गाडीचा वेळ टिपत होतो. मोजायला आठ मिनिटं, लिहायला चार. बड्या साहेबांची बारा मिनिटं बरोबर होती, गाड्यांचा आकडा तेवढा चुकला होता. त्रेसष्ट गाड्यांना साडेबारा तासांच्या वर लागत होते, आणि हिवाळ्याचा दिवस अकरा तासांचा. पहिल्या दिवशी दिवस मावळताना आठ गाड्या अडकून राहिल्या. दुसऱ्या दिवशी सोळा. तिसऱ्या दिवशी चोवीस, आणि रांग नाल्याच्या उतारापर्यंत गेली. रेड्यांचा चारा संपला. गाडीवाले माझ्याभोवती जमले.

"काऊन बाबू, आमाले इथी वाळत घातलं का?"

"मुन्शी बिचारा बरा होता, हा नवा शिकेल आला अन् गाड्या थांबवल्या!"

एक म्हातारा माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "तू तं आपल्या गाडीवाल्याचा पोरगा ना रे? बापानं हेच शिकवलं का तुले?"

मी वहीत वेळ लिहीत राहिलो. त्यांच्या घरी त्या आठवड्यात पेज किती पातळ झाली असेल ते मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. पाचव्या दिवशी दुपारीच साहेबांचा निरोप आला, पुरे, पहिल्यासारखं सोडा.

मग लिहायला बसलो. बडेबाबू शेजारी खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी माझा पहिला मसुदा लाल पेन्सिलीनं भरून टाकला.

"पगार लिवला, महागाई भत्ता लिवला. रजेचा वाटा? पेन्शनचा वाटा? टेबल-खुर्ची का तुझ्या घरून आणतोस? खर्च कमी दाखवशीन तं पहिला प्रश्न तिथंच येईन."

"अन् हे पाह्य," ते पुढे म्हणाले. "माणूस ठेवला तं किती लागते हे सारेच लिवते. नाई ठेवला तं किती जाते ते लिव."

त्यावर मी दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी ठेकेदारांकडे गेलो. त्यांच्यातल्या तिघांनी लिहून दिलं की नाक्यावर गाडी खोळंबते म्हणून वाहतुकीचा खर्च वाढतो, आणि तो धरूनच आम्ही लिलावात बोली कमी लावतो. म्हणजे खात्याचं लाकूडच स्वस्तात जात होतं. दुसऱ्या नाक्यावरून माणूस उसना आणता येईल का, हेही मी तपासलं. तिथलं रजिस्टर पाहिलं, तिथेही एकटाच होता. तेही लिहिलं. पाच दिवसांचा तक्ता जोडला. मागणी दोन मुन्शींची ठेवली, एक कामाला आणि एक रजेवर जाणाऱ्याच्या जागी.

महिन्यानं नागपूरहून विचारणा आली. मला जी भीती होती तीच. तीन वर्षं एकवीस आणि आता त्रेसष्ट, हा फरक कसा? खुलासा करावा, आणि जबाबदार कोण ते कळवावं.

त्या दिवशी मी जेवलो नाही. मुन्शीजींना कागद दाखवायला गेलो. त्यांनी तो डोळ्याजवळ नेला, वाचता आला नाही, परत दिला. मी वाचून दाखवला.

"लिव," ते म्हणाले. "लिव की मीच केलं. पण एक नग इकडचा तिकडं झाला नाई, तेही लिव."

हे ऐकून मला वाट दिसली. त्यांनी नोंदी एकत्र केल्या होत्या, पण नगांची बेरीज प्रत्येक नोंदीत होती. मी आगाराची रजिस्टरं मागवली आणि तीनही हंगामांचे नग नाक्याच्या नगांशी ताडून पाहिले. पंधरा दिवस लागले. बडेबाबू मधेमधे येऊन विचारायचे, "मेला का रे बी.ए.?" आणि माझ्यासमोर चहा ठेवून जायचे. दोन ठिकाणी फरक आला. तिथे माझीच बेरीज चुकली होती. नाक्यावरून गेलेला प्रत्येक नग आगारात पोचला होता.

खुलाशात मी काही झाकलं नाही. नियम मोडला हे लिहिलं, कुणी मोडला ते लिहिलं, का मोडला ते लिहिलं, आणि सरकारचा एक बांबूही गेला नाही याचा तक्ता जोडला. साहेबांनी वाचलं, दोन शब्द बदलले आणि सही केली. सही करताना माझ्याकडे न पाहता म्हणाले, "याचा काहीही निकाल लागू शकतो. तयार राहा."

मी तयार नव्हतो. रोज डाक आली की मी टेबल सोडून दारात जायचो. मुन्शीजी येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलवाल्याला विचारायचे, "कागद आला का?" माझ्याशी मात्र सरळ बोलायचे नाहीत.

हंगाम संपता संपता उत्तर आलं. मागितलेल्या दोन जागांपैकी एकच मंजूर झाली, तीही वर्षापुरती, पुढे दरसाल पुन्हा मागावी लागेल अशी. मुन्शीजींना लेखी ताकीद मिळाली आणि ती त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात चिकटली. नवा माणूस जूनमध्ये रुजू झाला. त्याच महिन्यात मुन्शीजींना दीड महिन्याची रजा मिळाली आणि नागपूरच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढून त्यांचा उजवा डोळा वाचला.